जोडलेली चेन पुन्हा तुटते तेव्हा: झाळकाम की लेसर, आणि जोड पक्का आहे हे कसं ओळखायचं

"भाऊ, चौदा महिन्यांत तिसऱ्यांदा तुटली. आता परत तुटली तर सरळ मोडीत घालते." काकूंनी रुमालाची गाठ सोडली आणि चेन काट्यावर ठेवली. बावीस कॅरेटची, वीस इंची, भरीव कड्यांची, रोजच्या वापरातली चेन. बिलावर सतरा ग्रॅम, काट्यावर सोळा ग्रॅम चारशे मिली. पहिल्यांदा एका दुकानात गॅसवर झाळून घेतलेली, दुसऱ्यांदा दुसरीकडे लेसरने जोडलेली. दोन्ही ठिकाणी सांगितलेलं एकच होतं, "आता काही होत नाही."

मी गेली बावीस वर्षं दुरुस्तीच्या पाटावर बसतोय आणि अशी चेन आठवड्याला एखादी तरी येतेच. येणारा माणूस विचारतो, "लेसर चांगलं की टाका?" प्रश्न बरोबर आहे, पण तो दुसरा आहे. पहिला प्रश्न असा की चेन या वेळी नेमकी कुठे तुटली? जोडातच तुटली, जोडाच्या शेजारी तुटली, की जोडाशी संबंध नसलेल्या कडीत? या तिन्हींची कारणं वेगळी आहेत आणि उपायही वेगळे. ते न बघता लेसर की झाळकाम हे ठरवलं, तर चौथ्यांदा तुटायची तयारी ठेवायची.

म्हणून आधी एक विनंती. चेन तुटली की तुटलेली टोकं चिमट्याने दाबून, दोऱ्याने बांधून किंवा सेफ्टी पिन लावून वापरू नका. तुटलेली कडी जशी आहे तशी कागदाच्या पुडीत ठेवा. तिच्या तोंडावर सगळा इतिहास लिहिलेला असतो आणि दाबली की तो पुसला जातो.

तुटलेलं तोंड काय सांगतं

दहापटीचं भिंग घ्या. नसेल तर मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन फोटो काढा आणि मोठा करून बघा.

कडीची टोकं निमुळती होऊन, सुईसारखी पातळ होत तुटलेली दिसली तर ती कडी झिजली होती. कडीला कडी जिथे अडकते तिथे, म्हणजे कडीच्या आतल्या बाजूला, वर्षानुवर्षं सोन्यावर सोनं घासत राहतं. घाम आणि धूळ यांची त्यात भर पडते. बाहेरून चेन चकचकीत दिसते, कारण झीज आतल्या बाजूला होते. चेन हातात ताणून धरली तर ती दिसत नाही. दोन कड्या एकमेकींकडे ढकलून सैल केल्या की आतली खाच उघडी पडते.

झीज सगळीकडे सारखी नसते. हुकाजवळच्या चार-पाच कड्या आणि पदक लोंबतं तिथल्या कड्या आधी जातात. शिवाय चेन आणि मंगळसूत्र एकत्र घालत असाल तर दोन्ही एकमेकांना मानेमागे किसत असतात.

इथे एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. तारेची जाडी निम्मी झाली म्हणून ताकद निम्मी राहते असं नाही. कडी तुटण्याआधी बहुधा वाकून उघडते, आणि वाकण्याला होणारा विरोध जाडीपेक्षा फार वेगाने घटतो. एका बाजूने घासून जाडी अर्धी झाली की तो साधारण चौथाईवर येतो. म्हणून माझा नियम असा की मूळ जाडीच्या निम्म्याच्या आसपास आलेली कडी जोडायची नाही, बदलायची. तिथे लेसरही कामाचा नाही आणि झाळकामही नाही. दोन्ही फक्त तुटलेलं तोंड बंद करतात, गेलेलं सोनं परत आणत नाहीत.

घरच्या घरी तपासायची एक सोपी खूण आहे. चेन टेबलावर सरळ, न ताणता पसरा आणि शिंप्याच्या टेपने मोजा. वीस इंची चेन साडेवीस भरली तर ती वाढलेली नाही, झिजली आहे. दीडशेच्या वर कड्यांत प्रत्येक सांध्यावर केसाएवढी खाच पडली की तेवढी लांबी सहज वाढते. बिलावरचं वजन आणि आजचं वजन यातला फरकही तेच सांगतो. काकूंच्या चेनमध्ये सहाशे मिली कमी होते. त्यातले काही दोन वेळच्या पॉलिशमध्ये गेले असतील, उरलेले मानेवर.

दुसरा प्रकार म्हणजे तोंड निमुळतं नाही, सपाट आहे, करवतीने कापल्यासारखं. कडेने थोडी वितळल्याची खूण आणि मधोमध काळपट, गुळगुळीत भाग. हा अर्धवट जोड. बाहेरची कातडी जुळली होती, गाभा कधीच जुळला नव्हता. लेसरच्या फसलेल्या जोडाचं हे नेहमीचं चित्र आहे.

तिसरा प्रकार म्हणजे तोंडावर बारीक बारीक भोकं, पाव फोडल्यावर दिसतात तशी. झाळताना रेण जास्त तापलं किंवा एकच जागा पुन्हा पुन्हा तापवली की असं होतं. रेण म्हणजे जोडायला वापरलेलं, दागिन्यापेक्षा आधी वितळणारं सोन्याचं मिश्रण. कोणी त्याला टाका म्हणतं, कोणी डाग, हल्ली सोल्डरही म्हणतात. ते लवकर वितळावं म्हणून त्यात जस्तासारखा धातू घातलेला असतो. जस्त ९०७ अंशांना उकळतं. ज्योत आवरली नाही की त्याची वाफ होऊन निघून जाते आणि मागे भोकं राहतात. जुन्या केडीएमच्या चेनमध्ये हे जास्त दिसतं. त्यात कॅडमियम असायचं आणि ते तर ७६७ अंशांनाच उकळतं. त्याचा धूर झाळणाऱ्याच्या छातीला घातक असतो, म्हणून हॉलमार्कच्या दागिन्याला कॅडमियमचं रेण चालत नाही. तुमची चेन वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची असेल तर सोनाराला तसं आधीच सांगा. त्याच्या तब्येतीसाठी आणि तुमच्या जोडासाठीही.

आणखी एक दृश्य क्वचित दिसतं, पण दिसलं की पोटात गोळा येतो. तुटलेल्या जागी करडा, राखाडी डाग. कोणीतरी तात्पुरतं म्हणून कथील-शिशाचा, रेडिओ दुरुस्तीतला टाका मारलेला असतो. ते सोन्यावर राहून तापलं की सोन्यात शिरतं आणि ते सोनं कडक बिस्किटासारखं तुटतं. तो भाग कापून टाकल्याशिवाय पुढचं काही करू नये. घासून काढला म्हणून भागत नाही आणि लेसरखालीही तो तसाच शिरतो.

दोन पद्धती जोड कसा धरतात

झाळताना कडीची दोन टोकं एकमेकांना घट्ट टेकवायची, फट दिसता कामा नये. टाकणखार लावायचा, म्हणजे तापताना सोन्यावर हवेने काळा थर येत नाही आणि रेण पसरतं. मग रेणाचा मोहरीपेक्षा लहान तुकडा ठेवायचा आणि ज्योत फिरवत पूर्ण कडी सारखी तापवायची. वेळ आली की रेण एका क्षणात चमकतं आणि फटीत ओढलं जातं. दोन काचांच्या मधे पाणी ओढलं जातं तसंच. हे ओढलं जाणं हाच झाळकामाचा जीव आहे, कारण त्यामुळे धातू गाभ्यापर्यंत, तोंडाच्या पूर्ण क्षेत्रावर पोहोचतो. फट मोठी असेल तर रेण ओढलं जात नाही, वरवर पूल बांधतं आणि तो पूल पहिल्या झटक्याला जातो.

झाळकामाची किंमत उष्णतेत मोजावी लागते. शुद्ध सोनं १०६४ अंशांना वितळतं, बावीस कॅरेट त्याच्या खाली आणि रेण त्याहून खाली. पण जोडाची जागा तेवढी तापवायची तर शेजारच्या तीन-चार कड्याही लालसर होतात. चेनच्या कड्या यंत्रातून ओढून, वळवून, दाबून कडक झालेल्या असतात. एकदा तापल्या की त्या मऊ होतात. म्हणूनच झाळलेली चेन कित्येकदा जोडात न तुटता शेजारच्या कडीत उघडते. जोड चांगला असतो, शेजारी मऊ पडलेला असतो. दुसरा धोका असा की रेण सांडून पुढच्या कडीत जातं आणि दोन कड्या एकमेकींना चिकटतात. मग त्या जागी चेन वळत नाही, काडीसारखी उभी राहते आणि सगळा ताण त्या काडीच्या दोन्ही टोकांना येतो.

लेसरचं गणित उलटं आहे. यंत्रात डोळ्यांना दुर्बीण, आत हात घालायला दोन भोकं, आणि पायाने दाबायचं पेडल असतं. एका दाबाला एक ठिपका. ठिपक्याची रुंदी मिलिमीटरच्या काही दशांशांत असते आणि वेळ काही हजारांश सेकंदांचा. आजूबाजूचं सोनं तापायला वेळच मिळत नाही. कडी बोटांत धरून जोडता येते. रेण लागत नाही, त्याच कॅरेटची बारीक तार वितळवून भरतात, म्हणजे रंगही जुळतो.

मग अडतं कुठे? सोन्यातच. बहुतेक यंत्रांचा प्रकाश १०६४ नॅनोमीटरचा असतो (सोनं वितळायचा अंशही १०६४, हा निव्वळ योगायोग, पण मला तो नेहमी आवडतो). हा प्रकाश डोळ्याला दिसत नाही आणि चकचकीत सोनं त्यातला पंचाण्णव टक्क्यांहून जास्त परत फेकतं. जो थोडा आत शिरतो त्याची उष्णता सोनं लगेच आजूबाजूला वाहून नेतं, कारण ते उष्णतेचं उत्तम वाहक आहे. सोनं जितकं शुद्ध, तितका हा त्रास जास्त. चौदा किंवा अठरा कॅरेटमध्ये इतर धातू बरेच असतात, तिथे लेसर सहज धरतो. आपल्याकडच्या बावीस कॅरेटला जोर जास्त लावावा लागतो. कारागिराने यंत्राची मांडणी अठरा कॅरेटची ठेवली आणि बावीसची चेन पुढे घेतली, तर वर सुंदर चकचकीत ठिपके उठतात आणि खाली काहीही जुळलेलं नसतं. पॉलिश केल्यावर ते अगदी नव्यासारखं दिसतं. काकूंच्या दुसऱ्या दुरुस्तीत हेच झालं होतं.

म्हणून भरीव कडीला लेसर लावायचा तर काम तळापासून वर यायला हवं. दोन्ही टोकं कानशीने उतरती करायची, म्हणजे टेकवल्यावर मधे व्हीसारखी खाच तयार होते. पहिले ठिपके खाचेच्या तळाशी, मग बारीक तार ठेवून थरावर थर, शेवटी वरचा भाग. कडी फिरवून आतल्या बाजूनेही तेच. चकाकी मारायला काही जण जोडाच्या जागी काळ्या मार्करची रेघ ओढतात किंवा ती जागा खरवडून निस्तेज करतात. दोन्ही उपाय कामाचे आहेत. शिवाय आरगॉन वायूची नळी जोडाशेजारी हवी, नाहीतर ठिपक्यांभोवती काजळी धरते आणि आत भोकं राहतात. हे सगळं नीट केलं तर एका कडीला दहा-पंधरा मिनिटं जातात. "लेसर आहे, दोन मिनिटांत देतो" असं कोणी म्हणालं, तर भरीव बावीस कॅरेटच्या कडीला मी ते काम देणार नाही.

मग कुठे काय

माझं मत स्पष्ट आहे. भरीव, बावीस कॅरेट, आठ दशांश मिलिमीटर किंवा त्याहून जाड तारेची कडी असेल आणि आसपास खडा, मोती, मिना, काळे मणी, स्प्रिंग काही नसेल, तर चांगलं झाळकाम हे घाईच्या लेसरपेक्षा बरं. गाभ्यापर्यंत पोहोचण्याची झाळकामाची खात्री जास्त आहे.

पण या "आसपास"मध्येच आपले बरेचसे दागिने बसतात. मंगळसूत्राचे काळे मणी काचेचे असतात, ज्योत लागली की तडकतात. मोती भाजतो. हुकातली स्प्रिंग पोलादाची असते, तापली की तिचा ताठरपणा जातो आणि हूक आपोआप उघडायला लागतो. अशी चेन मग जोडात तुटत नाही, नुसती गळून पडते आणि रस्त्यात हरवते. म्हणजे हूक झाळून घेतल्यावर तो सैल लागतोय असं वाटलं, तर जोडाला नाही, स्प्रिंगला दोष द्या आणि हूकच बदला. अशा सगळ्या ठिकाणी लेसरला पर्याय नाही, फक्त तो सावकाश केलेला हवा.

पोकळ चेनबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण हल्ली कमी वजनात जाड दिसणाऱ्या चेनचा खप मोठा आहे. पोकळ कडीची भिंत कागदासारखी पातळ असते. ज्योतीखाली रेण वितळायच्या आधी भिंतच बसते. शिवाय झाळल्यावर दागिना सौम्य तेजाबात उकळतात, ते पाणी भोकातून आत शिरलं तर महिनोन्‌महिने आत राहून खात बसतं. त्यामुळे पोकळ चेनला लेसर, आणि तोही कमी जोराचा. जोर चुकला तर लेसर भिंतीला आरपार भोक पाडतो. आणि भिंत जिथे झिजून फाटली आहे तिथे तर तोंडाला तोंड जोडणं निरर्थक आहे. ती कडी काढून तिच्या जागी तेवढ्याच मापाची भरीव कडी बसवणं जास्त टिकतं, जरी रंगरूपात थोडा फरक दिसला तरी. पोकळ रोप चेन मधोमध झिजून तुटली असेल तर मी गिऱ्हाइकाला आधीच सांगतो की ही आता किती दिवस जाईल याची हमी मी देणार नाही. ऐकायला कडू लागतं, पण दर सहा महिन्यांनी पैसे घेण्यापेक्षा ते बरं.

काकूंची चेन

आता परत त्या सोळा ग्रॅम चारशेच्या चेनकडे. तिसऱ्यांदा तुटलेली कडी हुकापासून दुसरी होती, लेसरवाली. भिंगाखाली तोंड सपाट, बाहेरच्या बाजूला पातळ जुळलेली कातडी, मधे काळपट, आणि कडीच्या आतल्या बाजूला लेसर लागलाच नव्हता. पेडल चार-पाच वेळा दाबून काम उरकलेलं. ही झाली आत्ताची तूट.

पण इथे थांबलो असतो तर मीही तिसरा चुकणारा ठरलो असतो. हुकापासूनच्या एकेक कडीची आतली बाजू सूक्ष्ममापकाने मोजत गेलो. चेनच्या मधल्या, कमी झिजलेल्या भागात तार आठ दशांश मिलिमीटर होती. हुकापासून पहिली कडी चार दशांश. दुसरी, तुटलेली, साडेचार. तिसरी, जी पहिल्यांदा झाळली होती, तिचा जोड उत्तम होता, पण जोडापासून लांबच्या टोकाला साडेचारची खाच. चौथी साडेचार, पाचवी पाच. सहावीपासून पुढे सात दशांश आणि वाढत. पदकाजवळच्या कड्या साडेसहा. त्या अजून चालण्यासारख्या होत्या.

म्हणजे पहिल्या सोनाराचं झाळकाम चांगलं होतं. त्याने चूक केली ती एवढीच की शेजारची, आधीच झिजलेली कडी तापवून मऊ केली आणि तशीच सोडली. चार महिन्यांनी ती उघडली. दुसऱ्याने तीच झिजलेली कडी वरवर लेसरने चिकटवली. दोघांनीही तुटलेली कडी पाहिली, शेजारच्या पाहिल्या नाहीत.

पाच कड्या काढल्या, त्यांचं वजन तीनशे पन्नास मिली भरलं. बावीस कॅरेटची आठ दशांशची तार ओढून पाच नव्या कड्या केल्या, प्रत्येकी साधारण शंभर मिलीची. तीन कड्या एकमेकींत गुंतवून आधी वेगळ्याच पाटावर झाळून घेतल्या, चेनपासून लांब. म्हणजे जुन्या कड्यांना ज्योत लागली नाही. उरलेल्या दोन जोडकड्या, एक चेनकडची आणि एक हुकाकडची, लेसरने. व्ही खाच, तळापासून तार भरत, दोन्ही बाजूंनी. हुकाची स्प्रिंग थंड राहिली. चेनचं वजन सोळा ग्रॅम पाचशे पन्नास. हिशेब कागदावर लिहून काढलेल्या पाचही कड्यांसह काकूंच्या हातात दिला.

लेसर की टाका, असं काकूंनी विचारलं होतं. उत्तर निघालं, पाच नव्या कड्या आणि दोन्ही.

घेण्याआधी जोड कसा तपासायचा

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे पॉलिशच्या आधी बघायला मागा. पॉलिशचा चाक सोनं पसरवून भोकं झाकतो, नंतर भिंगालाही काही सापडत नाही. चांगला कारागीर यासाठी नाही म्हणत नाही.

झाळलेला जोड असेल तर कडी फिरवून चारही बाजूंनी बघा. रेणाची रेघ अखंड दिसायला हवी, कुठे काळी बारीक रेघ उरली असेल तर तिथे फट आहे. आतली बाजू विसरू नका, बहुतेक अर्धवट जोड बाहेरून पूर्ण दिसतात. रेणाचा रंग किंचित फिका दिसला तर घाबरू नका. खूप पिवळट-पांढरा पट्टा दिसला तर मात्र कोणत्या कॅरेटचं रेण वापरलं ते विचारा.

लेसरचा जोड असेल तर ठिपके माशाच्या खवल्यांसारखे एकमेकांवर चढलेले हवेत, निम्म्याहून जास्त. सुटे सुटे ठिपके म्हणजे सुटे सुटे टाके. जोडाच्या जागी तार शेजारपेक्षा बारीक झाली असेल, खळगा पडला असेल, तर सोनं भरलेलं नाही. किंचित फुगीर असलेला जोड चांगला, तो नंतर घासून सारखा करता येतो.

मग चेन बोटावरून लोंबकळू द्या आणि जोडाची जागा बोटावर आणा. चेन पाण्यासारखी दोन्हीकडे पडली पाहिजे. त्या जागी कोपरा झाला, कड्या वळल्या नाहीत, तर रेण पुढच्या कडीत गेलंय. ते तिथेच सोडवून घ्या. घरी नेऊन वळवून मोकळी करायला गेलात तर कडी पिळली जाते.

पुढे जुनी नायलॉनची ओढणी किंवा मोजा घ्या आणि चेन त्यावरून दोन्ही दिशांनी ओढा. धागा अडकला तर तिथे खरबरीत टोक किंवा भोक आहे. हेच टोक पुढे मानेला टोचतं आणि केस ओढतं.

शेवटी वजन. दुकानातच, कारागिरासमोर, कापड गुंडाळलेल्या खुंटीला चेन अडकवा आणि दुसऱ्या टोकाला अर्ध्या लिटरची भरलेली पाण्याची बाटली हळूच सोडा. झटका द्यायचा नाही. अर्धा मिनिट ठेवा, उतरवा आणि जोड पुन्हा भिंगाखाली बघा. आठ दशांशच्या भरीव चेनला हे अर्धा किलो सहज पेलायला हवं. जोडात केसाएवढी रेघ उघडली तर काम परत. आणि जोड शाबूत राहून दुसरीच कडी उघडली, तर कारागिराशी भांडू नका. त्या कडीची झीज तुम्हाला वेळेत कळली, रस्त्यात नाही. पोकळ किंवा अगदी नाजूक चेनला मात्र एवढं वजन लावू नका. तिथे शंभर-दीडशे ग्रॅम पुरे. मोबाइलसुद्धा बहुतेक वेळा त्याहून जड असतो.

या परीक्षेला मर्यादा आहे. अर्धवट जुळलेला लेसरचा जोड कधी कधी अर्धा किलो पेलतो आणि महिनाभर रोजच्या वाकण्या-वळण्याने थकून तुटतो. म्हणून पहिल्या महिन्यानंतर एकदा जोड भिंगाखाली बघून घ्यायचा. मी ते फुकट करतो आणि बहुतेक सोनार करतील.

दुकानात चेन देताना तीन गोष्टी लिहून घ्या: आधीचं वजन, नंतरचं वजन, आणि कुठल्या कड्या बदलल्या. काढलेल्या कड्या परत मागा, ते तुमचंच सोनं आहे. चेनवरचा हॉलमार्क बहुधा हुकावर किंवा हुकाजवळच्या पट्टीवर असतो. हूक बदलायचा झाला तर ती खूण त्याच्याबरोबर जाते, म्हणून जुना हूक बिलासोबत जपून ठेवा आणि हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक, म्हणजे एचयूआयडी, बिलावर लिहून घ्या.

काकू महिन्याने आल्या, तेव्हा जोड भिंगाखाली पाहिले. मागच्या आठवड्यात पुन्हा आल्या, आठ महिने झाले. लेसरचे दोन्ही जोड आणि तिन्ही झाळलेल्या कड्या जशाच्या तशा आहेत. पदकाजवळच्या दोन कड्या मात्र साडेसहावरून सहा दशांशच्या थोड्या खाली आल्या आहेत. तारीख आणि माप त्यांच्या पावतीमागे लिहून दिलं आहे. पाच दशांश झाले की त्या दोन बदलायच्या, तुटायच्या आधी.